ड्युटी चार्ट आपोआप तयार करताना : रजा, सलग दिवस आणि कामाची वाटणी यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातील एका लहान रुग्णालयाच्या वॉर्डाचे ड्युटी चार्ट मी काही वर्षे हाताने लावले आहेत, आणि त्यानंतर तेच काम करणारा एक छोटा प्रोग्रॅम आम्ही तयार केला. तो वापरणाऱ्या इतर वॉर्डांतून आणि ओळखीच्या कारखान्यांतून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. उदाहरणे आमच्या वॉर्डाच्या धर्तीवर घेतली असली, तरी सुरक्षा विभाग, कंट्रोल रूम किंवा देखभाल विभाग यांनाही हेच हिशेब लागू पडतात.

प्रोग्रॅमला कोणती माहिती द्यावी लागते?

कर्मचाऱ्यांची यादी, प्रत्येक दिवशी प्रत्येक शिफ्टला किती जण हवेत तो आकडा, मंजूर रजांच्या तारखा, एका व्यक्तीने जास्तीत जास्त किती दिवस सलग काम करावे ती मर्यादा, आणि मागच्या चार्टचे शेवटचे काही दिवस. यांतील शेवटची बाब बहुतेक जण द्यायला विसरतात. तिच्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

आमच्याकडे हिशेबाने पुरेशी माणसे आहेत, तरीही प्रोग्रॅम चार्ट होत नाही असे का सांगतो?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, आणि बहुतेक वेळा प्रोग्रॅमचे म्हणणे खरे असते. एक वॉर्ड घेऊ. तीन शिफ्टना प्रत्येकी दोन, म्हणजे रोज सहा जण लागतात, आणि सलग सहा दिवसांपेक्षा जास्त कोणालाही कामावर बोलवायचे नाही. तीस दिवसांच्या १८० ड्युट्या होतात. सहा दिवस काम आणि एक दिवस सुट्टी या चालीने एका व्यक्तीला महिन्यात जास्तीत जास्त २६ ड्युट्या करता येतात. १८० ला २६ ने भागले की ६.९२ येतात, म्हणून सात माणसे पुरतील असे वाटते, आणि कागदावर ती पुरतातही.

आता त्या सात जणांपैकी एकाने लागोपाठ दोन दिवसांची रजा मागितली असे समजा. कोणतेही सलग सात दिवस घेतले, तर रोज सात पैकी सहा जण कामावर असल्यामुळे रोज नेमकी एक सुट्टी देता येते, म्हणजे त्या सात दिवसांत एकूण सात सुट्ट्या होतात. सलग सहाची मर्यादा पाळायची, तर त्याच सात दिवसांत प्रत्येकाला किमान एक सुट्टी मिळालीच पाहिजे, म्हणजे सात माणसांना सात सुट्ट्या बरोबर पुरतात आणि एकही शिल्लक राहत नाही. एकाने त्यातील दोन घेतल्या, की कोणाच्या तरी वाट्याला शून्य येते आणि ती व्यक्ती सात दिवस सलग काम करते. यातून वाट काढणारा चार्ट अस्तित्वातच नाही. पेन्सिल-खोडरबर घेऊन रात्रभर बसले तरी तो सापडणार नाही.

आठवी व्यक्ती आली की चित्र पालटते. मग त्याच सात दिवसांत चौदा सुट्ट्या मिळतात. एक जण आठवडाभर गावी गेला तर तो सात घेतो, आणि उरलेल्या सात जणांना एक-एक मिळते. हाही हिशेब काठोकाठ आहे, कारण त्याच आठवड्यात दुसऱ्या कोणाला एकही जादा दिवस मिळत नाही. म्हणून व्यवस्थापनाशी माणसांच्या संख्येविषयी बोलताना महिन्याचा भागाकार दाखवू नये. सात दिवसांच्या खिडकीतल्या सुट्ट्या मोजून दाखवाव्यात. आमच्याकडे आठव्या सिस्टरची जागा याच आकडेमोडीने मंजूर झाली.

रोज ज्याच्या ड्युट्या सर्वांत कमी झाल्या आहेत त्यालाच बोलवायचे, एवढा साधा नियम पुरेसा का नाही?

बहुतेक एक्सेल फायली आणि हाताने लावलेले चार्ट याच नियमावर चालतात. नियम न्याय्य वाटतो, आणि सुरुवातीचे काही दिवस तो चांगला चालतोही. त्याची अडचण अशी की तो फक्त मागे पाहतो आणि पुढे येणाऱ्या रजेची त्याला कल्पना नसते. एका लहान उदाहरणात हे स्पष्ट दिसते.

प्रयोगशाळेच्या रात्रपाळीला रोज दोन तंत्रज्ञ हवेत. अ, ब आणि क असे तिघे उपलब्ध आहेत, आणि सलग तीनपेक्षा जास्त रात्री कोणालाही लावायच्या नाहीत. क ची पाचव्या आणि सहाव्या दिवसाची रजा मंजूर आहे. सर्वांत कमी ड्युट्या झालेल्याला आधी घ्यायचे, आणि बरोबरी झाली तर यादीतील क्रमाने घ्यायचे, असे ठरवून चार्ट लावत गेलो.

पहिल्या दिवशी अ आणि ब. दुसऱ्या दिवशी क, ज्याची अजून एकही झालेली नाही, आणि त्याच्याबरोबर अ. तिसऱ्या दिवशी ब आणि क. येथपर्यंत तिघांच्याही दोन-दोन ड्युट्या झाल्या, वाटणी अगदी समान आहे. चौथ्या दिवशी तिघांची बरोबरी असल्याने क्रमाने अ आणि ब येतात. पाचव्या दिवशी क रजेवर, म्हणून पुन्हा अ आणि ब. आता सहाव्या दिवशी ब च्या सलग तीन रात्री पूर्ण झालेल्या आहेत : तिसरी, चौथी आणि पाचवी. क रजेवर आहे. एकटा अ उरतो आणि एक जागा रिकामी राहते.

येथे चार्ट लावणारा मनुष्य काय करतो ते मी अनेकदा पाहिले आहे, आणि स्वतः केलेही आहे. तो क ला फोन करून रजा पुढे ढकलता येईल का असे विचारतो, किंवा ब ला एक रात्र जादा करण्याची विनंती करतो. दोन्हीची काही गरज नव्हती. खोट सहाव्या दिवशी दिसली, पण चूक चौथ्या दिवशी झाली होती. पाचव्या आणि सहाव्या रात्री अ आणि ब या दोघांनाही यावेच लागणार, हे रजा मंजूर झाली त्याच क्षणी ठरले होते. याचा अर्थ चौथ्या आणि सातव्या रात्रींपैकी प्रत्येकी एकच रात्र त्यांना करता येते, आणि म्हणून त्या दोन्ही रात्री क ने येणे आवश्यक आहे. एवढे लक्षात घेतले की चार्ट असा होतो :

| दिवस | १ | २ | ३ | ४ | ५ | ६ | ७ |
|---|---|---|---|---|---|---|---|
| अ | ड्युटी | ड्युटी | सुट्टी | ड्युटी | ड्युटी | ड्युटी | सुट्टी |
| ब | ड्युटी | सुट्टी | ड्युटी | सुट्टी | ड्युटी | ड्युटी | ड्युटी |
| क | सुट्टी | ड्युटी | ड्युटी | ड्युटी | रजा | रजा | ड्युटी |

पहिले तीन दिवस जसेच्या तसे आहेत. चौथ्या दिवशी ब च्या जागी क आला, एवढ्या एका बदलाने पुढचे सर्व सुटले. आमचा प्रोग्रॅम दिवसामागून दिवस लावत नाही. तो संपूर्ण महिना एकाच वेळी सोडवतो, आणि त्याचे कारण हेच आहे. त्यासाठी गूगलच्या ओआर-टूल्स या मोफत संचातील सीपी-सॅट नावाचा सॉल्व्हर वापरला आहे. प्रत्येक व्यक्ती आणि प्रत्येक दिवस यांच्या जोडीला शून्य किंवा एक अशी किंमत द्यायची, नियम समीकरणांत लिहायचे, आणि सर्व नियम पाळणारी मांडणी शोधायचे काम सॉल्व्हरवर सोपवायचे, अशी ही पद्धत आहे.

रजेवर गेलेल्यांना महिन्यात कमी ड्युट्या येतात. हा इतरांवर अन्याय नाही का?

नाही, आणि या मुद्द्यावर मी ठाम आहे. महिन्याच्या शेवटी सर्वांच्या ड्युट्या समान दिसल्या पाहिजेत असा आग्रह धरला, की मंजूर झालेल्या रजेची किंमत ती घेणाऱ्याच्या साप्ताहिक सुट्ट्यांतून वसूल होऊ लागते.

वर सांगितलेल्या आठ जणींच्या वॉर्डात १८० ड्युट्या समान वाटल्या तर प्रत्येकीला २२ किंवा २३ येतात. एका सिस्टरने महिन्याच्या मध्यावर दहा दिवसांची रजा घेतली, तर तिच्याकडे रजेआधीचे दहा आणि रजेनंतरचे दहा असे वीसच दिवस उरतात. समानतेच्या मागे लागलेला प्रोग्रॅम तिला बावीसच्या जवळ नेण्यासाठी त्या वीस दिवसांत सलग-मर्यादा देईल तितके, म्हणजे १८ दिवस, कामाला लावतो. रजेच्या दोन्ही बाजूंना तिला केवळ एक-एक सुट्टी मिळते. ती हक्काची रजा घेऊन आली आणि परत येताच तिने ती फेडली, असा त्याचा अर्थ होतो. अशा चार्टनंतर लोक रजा मागायचे टाळतात आणि मग ऐनवेळी आजारी पडल्याचे कळवतात.

म्हणून वाटा उपलब्ध दिवसांच्या प्रमाणात काढावा. सूत्र सोपे आहे : एकूण ड्युट्यांना त्या व्यक्तीच्या उपलब्ध दिवसांनी गुणायचे आणि सर्वांच्या उपलब्ध दिवसांच्या बेरजेने भागायचे. येथे बेरीज सात जणींचे प्रत्येकी तीस आणि एकीचे वीस, अशी २३० होते. रजेवर गेलेल्या सिस्टरचा वाटा १५.६५ आणि इतरांचा २३.४८ येतो. तिला १६ ड्युट्या लावल्या तर वीस दिवसांत चार सुट्ट्या मिळतात. इतर सात जणींना २३ किंवा २४ ड्युट्या, म्हणजे तीस दिवसांत सहा किंवा सात सुट्ट्या. हे प्रमाण सर्वांसाठी जवळपास सारखेच आहे. रात्रपाळीच्या उदाहरणात अ आणि ब यांचा वाटा ५.१६ आणि क चा ३.६८ येतो, आणि वरच्या तक्त्यातील ५, ५ व ४ ही वाटणी त्याला अगदी धरून आहे.

सीपी-सॅटला फक्त पूर्णांक चालतात, म्हणून प्रोग्रॅम लिहिताना भागाकार करू नये. दोन्ही बाजूंना एकूण उपलब्ध दिवसांनी गुणून तफावत काढावी.

मग रविवार आणि रात्रपाळ्याही उपलब्धतेच्या प्रमाणात वाटायच्या का?

नाही. सुरुवातीला आम्ही तेच केले आणि ते चुकले. रविवारची वाटणी उपलब्ध रविवारांच्या प्रमाणात ठेवली, की जो रविवार धरून रजा घेतो त्याचा रविवारचा वाटाच कमी होत जातो. कोणाच्याही मनात लबाडी नसली तरी सहा महिन्यांनी काही जणांचे रविवार मोकळे आणि काही जणांचे भरलेले दिसू लागतात.

एकूण ड्युट्या महिन्याच्या उपलब्धतेवर वाटाव्यात. रविवार, रात्री आणि सणाचे दिवस यांसाठी मात्र प्रत्येकाचे एक चालू खाते ठेवावे, जे महिना संपला म्हणून शून्यावर येत नाही. या महिन्यात ज्याचा रविवार चुकला, त्याच्या खात्यात तो बाकी राहतो आणि पुढे येतो. प्रसूती रजेसारखी दीर्घ रजा हा एकच अपवाद आम्ही ठेवला आहे. त्या काळात व्यक्तीचे खाते गोठवले जाते आणि ती परत आल्यावर इतरांच्या सरासरीवरून सुरू होते, नाहीतर बाळंतपणावरून परतलेल्या सिस्टरला लागोपाठ सगळे रविवार लागतील.

पुण्यात सणांच्या खात्याचा विचार थोडा वेगळा करावा लागतो. अनंत चतुर्दशीची विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, आणि लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता, कुमठेकर रस्ता, केळकर रस्ता हा सगळा पट्टा वाहनांसाठी बंद असतो. त्या रात्रीची ड्युटी जड समजली जातेच, पण दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पोहोचायचे असलेल्या सिस्टरलाही अर्धी वाट चालत यावी लागते. आमच्या खात्यात म्हणून चतुर्दशीची दुसरी शिफ्ट, त्या रात्रीची शिफ्ट आणि दुसऱ्या दिवशीची पहिली शिफ्ट या तिन्ही सणाच्या ड्युट्या धरल्या जातात. आषाढी वारीत दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात त्या दिवसांनाही हाच नियम लावला आहे. कोणते दिवस जड हे प्रोग्रॅमला कळत नाही. ते वॉर्डातल्या लोकांना विचारूनच यादीत भरावे.

सलग दिवस कुठून मोजायचे? एक तारखेपासून का?

मागच्या महिन्यापासून. ही चूक माझ्या हातून झालेली आहे, म्हणून ती जशी घडली तशी सांगतो. पहिल्याच महिन्यात आमच्या प्रोग्रॅमने चार्ट काढला, मी तो प्रत्येक नियमाशी ताडून पाहिला आणि नोटीस बोर्डावर लावला. दुसऱ्या दिवशी एक ज्येष्ठ सिस्टर मागच्या महिन्याचा कागद घेऊन आल्या. त्यांनी तो नव्या कागदाच्या डाव्या बाजूला, ओळीला ओळ जुळेल असा धरला आणि स्वतःच्या ओळीवरून बोट फिरवत मोठ्याने मोजू लागल्या. मागच्या महिन्याचे शेवटचे पाच दिवस ड्युटी, नव्या महिन्याचे पहिले सहा दिवस ड्युटी, एकूण अकरा. दोन्ही कागद वेगवेगळे पाहिले तर निर्दोष होते. मी त्यांची माफी मागितली आणि त्याच दुपारी चार्ट नव्याने काढला.

नियम लिहिण्याची पद्धत अशी की मर्यादा `K` असेल तर कोणत्याही सलग `K + 1` दिवसांत ड्युट्या `K` पेक्षा जास्त नसाव्यात. ही खिडकी एक तारखेपासून न सरकवता मागच्या महिन्याच्या शेवटच्या `K` दिवसांपासून सरकवायची.

```python
for e in staff:
    for d in range(-K, days - K):
        model.Add(sum(x[e, t] for t in range(d, d + K + 1)) <= K)
```

येथे शून्य म्हणजे एक तारीख. `t` ऋण असेल तेव्हा `x[e, t]` ही मागच्या महिन्यात प्रत्यक्ष घडलेली, बदलता न येणारी किंमत असते. ती छापलेल्या चार्टवरून न घेता हजेरीपटावरून घ्यावी, कारण दरम्यान कोणी कोणाची शिफ्ट बदलून घेतलेली असते.

याच संदर्भात आणखी एक खाच आहे. रजा आणि साप्ताहिक सुट्टी यांनी सलग दिवसांची मोजणी तुटते, ते योग्यच आहे. परंतु प्रशिक्षण, शिबिर किंवा दुसऱ्या शाखेत पाठवणे यांची नोंद अनेक ठिकाणी वॉर्डात गैरहजर अशी केली जाते, आणि प्रोग्रॅम त्या दिवसाला विश्रांती समजून मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू करतो. अशा दिवसांना वेगळी खूण द्यावी : वॉर्डाच्या संख्येत ते धरू नयेत, सलग दिवसांत मात्र धरावेत.

रात्रपाळी कोणत्या तारखेची धरायची?

ज्या तारखेला ती सुरू होते त्या तारखेची. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ५७ मध्येही मध्यरात्र ओलांडणाऱ्या शिफ्टसाठी हीच मांडणी होती : मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसात मोजायचे, आणि सुट्टीचा दिवस म्हणजे शिफ्ट संपल्यापासूनचे सलग २४ तास. हे सूत्र जसेच्या तसे वापरले, तर मंगळवारी सकाळी सातला रात्रपाळीवरून सुटलेल्या सिस्टरला बुधवारी सकाळी सातला बोलावता येते आणि कागदोपत्री तिची सुट्टी झालेली असते. तिने मंगळवारचा दिवस झोपेत घालवला, एवढेच तिच्या हाती लागते. आमच्याकडे रात्री संपल्यानंतरचा तो दिवस नाइट ऑफ म्हणून वेगळा ठेवला जातो आणि साप्ताहिक सुट्टी त्याच्या पुढच्या दिवसापासून धरली जाते. यासाठी थोडी जास्त माणसे लागतात, हे आधीच हिशेबात घ्यावे.

सलग दिवसांची मर्यादा किती ठेवावी?

आम्ही सहा ठेवतो, आणि रात्रींसाठी स्वतंत्रपणे तीन. कारखान्यांपुरते पाहिले तर १९४८ च्या अधिनियमातील कलम ५२ प्रमाणे रविवारऐवजी दुसऱ्या दिवशी सुट्टी देता येत असे, परंतु त्या अदलाबदलीमुळे कोणीही पूर्ण सुट्टीविना दहा दिवसांपेक्षा जास्त सलग काम करता कामा नये अशी अट होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता अमलात आल्या आहेत, त्यामुळे आपल्या आस्थापनेला आज लागू असलेला नियम मनुष्यबळ विभागाकडून लेखी घ्यावा. जुन्या कायद्यातील दहा हा आकडा टोकाची मर्यादा होती. काही जण तो चार्टचे उद्दिष्ट समजून प्रोग्रॅममध्ये भरतात, आणि मग प्रोग्रॅम निमूटपणे लोकांना आठ-नऊ दिवस सलग लावतो, कारण तेवढी मोकळीक आपणच त्याला दिलेली असते.

साप्ताहिक सुट्टी रविवारीच धरली जाते का?

नाही. भोसरी आणि पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात गुरुवारी सुट्टी असते, म्हणून हा वार प्रत्येक विभागाला निवडता येतो. पती किंवा पत्नी त्या भागात नोकरीला असेल, तर काही कर्मचारी स्वतःहून गुरुवार मागतात. ही मागणी नोंदवून ठेवण्याची सोय आहे.

मागितलेली प्रत्येक रजा प्रोग्रॅम पाळतो का?

मंजूर झालेली रजा अटळ समजली जाते आणि कोणत्याही कारणाने मोडली जात नाही. नुसती मागणी असेल तर ती शक्य तेवढी पाळली जाते. या दोन गोष्टी एकाच रकान्यात भरू नयेत. सगळ्याच मागण्या मंजूर म्हणून भरल्या तर चार्ट होत नाही, आणि सगळ्या नुसत्या मागण्या म्हणून भरल्या तर लग्नासाठी महिनाभर आधी मंजूर झालेली रजासुद्धा मोडली जाऊ शकते.

चार्ट अशक्य असेल तर नेमके कुठे अडले ते कसे कळते?

सॉल्व्हर सरळ चालवला तर तो फक्त `INFEASIBLE` असे उत्तर देतो, ज्याचा वॉर्ड इन्चार्जना काही उपयोग नसतो. म्हणून रोजच्या संख्येचा नियम आम्ही थोडा सैल केला आहे. एखाद्या शिफ्टला माणूस कमी पडला तर ती तूट म्हणून नोंदवायची, तिला फार मोठा दंड लावायचा, आणि रजा व सलग-मर्यादा यांना मात्र हात लावायचा नाही. मग चार्ट नेहमी तयार होतो, आणि जिथे माणूस नाही तिथे लाल कप्पा दिसतो.

मात्र तो लाल कप्पा ज्या तारखेला दिसतो, त्याच तारखेला अडचण आहे असे समजू नये. संपूर्ण महिना एकदम सोडवला असल्याने प्रोग्रॅम ही तूट अडचणीच्या आसपासच्या कोणत्याही दिवशी टाकू शकतो. अशा वेळी लाल कप्प्याच्या आधीचे आणि नंतरचे सहा-सहा दिवस घ्यावेत आणि वर दाखवल्याप्रमाणे कोणत्याही सात दिवसांतल्या सुट्ट्या मोजाव्यात. बहुतेक वेळा दोन रजा एकमेकींवर आलेल्या सापडतात, आणि त्यातील एक दोन दिवसांनी सरकवली की तूट नाहीशी होते. ती कोणाची सरकवायची हे प्रोग्रॅमने ठरवू नये. तो निर्णय इन्चार्जनी दोघींना समोर बसवून घ्यावा.

उत्तर `UNKNOWN` आले तर त्याचा अर्थ वेगळा आहे. दिलेल्या वेळात सॉल्व्हरचे काम पूर्ण झाले नाही, एवढेच ते सांगते. वेळ वाढवून पुन्हा चालवावे.

महिन्याच्या मध्यात कोणी आजारी पडले तर संपूर्ण चार्ट बदलतो का?

बदलता कामा नये. लोकांनी मुलांच्या शाळा, आईवडिलांचे दवाखाने, गावची एसटी हे सगळे त्या चार्टवर बेतलेले असते. एका आजारपणासाठी प्रोग्रॅम मोकळा सोडला, तर तो वाटणी अर्ध्या ड्युटीने सुधारण्यासाठी वीस-पंचवीस कप्पे बदलून टाकतो, आणि गणिताच्या दृष्टीने त्याचे बरोबरही असते. म्हणून फेरमांडणीच्या वेळी उद्दिष्ट बदलावे लागते. झालेले दिवस आणि आजपासूनचे पुढचे दोन दिवस गोठवायचे, आजारी व्यक्तीच्या तारखा रजा म्हणून भरायच्या, आणि प्रोग्रॅमला सांगायचे की छापलेल्या चार्टपेक्षा कमीत कमी कप्पे बदल. गोठवलेल्या दोन दिवसांतील रिकामी जागा इन्चार्जनी फोनवरून भरायची. वाटणीत राहिलेला फरक चालू खात्यात जातो आणि पुढच्या महिन्यात भरून निघतो.

आपापसांत बदलून घेतलेल्या शिफ्टचा नियम सोपा आहे. जिने प्रत्यक्ष काम केले तिच्या खात्यात ड्युटी जमा होते. अदलाबदल करण्याआधी दोघींची सलग-मर्यादा मात्र तपासली जाते, कारण सलग-मर्यादा मोडते ती बहुधा अशा मैत्रीखातर घेतलेल्या बदलीतच.

प्रोग्रॅम न वापरता आमचा सध्याचा एक्सेलमधील चार्ट तपासता येईल का?

येईल. चार्टच्या शीटला `Chart` असे नाव द्या. सुट्टीला `O` आणि रजेला `L` लिहा, बाकी कोणतीही खूण ड्युटी समजली जाईल. पहिली तारीख `C` स्तंभात ठेवा. दुसरी एक कोरी शीट घ्या, तिच्या `B` स्तंभात प्रत्येकाचे मागच्या महिन्याअखेर सलग किती दिवस काम झाले तो आकडा भरा, आणि `C2` मध्ये हे सूत्र लिहून उजवीकडे व खाली ओढा :

```
=IF(OR(Chart!C2="O",Chart!C2="L"),0,B2+1)
```

प्रत्येक कप्प्यात त्या दिवसापर्यंतचे सलग कामाचे दिवस दिसतात. सहापेक्षा मोठा आकडा लाल करण्याची सोय लावली की मर्यादा कुठे मोडली ते नजरेत भरते. रिकामा राहिलेला कप्पाही ड्युटी म्हणून मोजला जातो, म्हणून अनपेक्षित लाल रंग दिसला तर आधी खूण भरायची राहिली आहे का ते पाहावे. `B` स्तंभ शून्य ठेवून तपासणी केली, तर महिन्याचा पहिला आठवडा तपासलाच गेलेला नाही असे समजावे.